टॉवर सरळ केला, पण टोकाशी खरा तपशील किती उरला?

प्रश्न: ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवरचा फोटो काढला. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा, २४ एमएम लेन्स, कॅमेरा उभा धरून थोडा वर केलेला. टॉवर मागे कलल्यासारखा दिसत होता म्हणून सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ केल्या. फाइल अजून २१ मेगापिक्सेलची आहे, पण टोकाकडे फोटो मऊ वाटतो. या दुरुस्तीत नेमकं किती रेझोल्यूशन जातं? ए२ आकारात छापायचा आहे, चालेल का?

उत्तर:

फाइलचे मेगापिक्सेल आधी बाजूला ठेवा, कारण या बाबतीत तो आकडा काहीच सांगत नाही. उभ्या रेषा सरळ करताना फोटोचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा थोडा दाबला जातो. ताणलेल्या भागात सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून नवे पिक्सेल तयार करतं. ते मोजणीत धरले जातात, पण त्यांत नवा तपशील नसतो. त्यामुळे नुकसान सगळ्या फोटोभर सारखं पसरलेलं नसतं. पायथ्याशी जवळजवळ शून्य असतं आणि टोकाकडे वाढत जातं. तुमच्या डोळ्यांना टोक मऊ दिसलं ते अगदी बरोबर आहे.

ताण किती पडतो हे अंदाजाने सांगायची गरज नाही, ते मोजता येतं. दोन कोन लागतात. पहिला θ, म्हणजे कॅमेरा वर किती कलवला होता. दुसरा φ, म्हणजे आपल्याला हवा तो बिंदू फोटोच्या मध्यापासून वर किती अंशांवर आहे (मध्याखाली असेल तर उणे). मग त्या बिंदूपाशी आडवा ताण असा निघतो:

```
m = cos(φ) / cos(θ + φ)
```

उभा ताण या `m` चा वर्ग असतो. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वरचा भाग दोन्ही बाजूंनी रुंद केलेला डोळ्यांना दिसतो, म्हणून नुकसान आडवंच झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच जागी उंचीच्या दिशेने ताण जास्त असतो. आडव्या दिशेने १.२ पट ताणलं असेल तर उभ्या दिशेने १.४४ पट ताणलेलं असतं. तसं केलं नाही तर इमारत बसकी दिसते. म्हणून तपशील आधी हरवतो तो आडव्या रेघांचा: पट्ट्या, छज्जांच्या कडा, दगडांच्या थरांमधले सांधे. उभे खांब त्या मानाने बरेच टिकतात.

आता तुमचा फोटो घेऊ. टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. तुम्ही त्याच्यापासून ८० मीटरवर होता आणि कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर होता असं धरतो. मग टोक कॅमेऱ्याच्या पातळीपासून ८३.५ मीटर वर येतं, म्हणजे नजरेच्या पातळीपासून साधारण ४६ अंशांवर. २४ एमएम लेन्स उभी धरली की मध्यापासून वर ३७ अंशांपर्यंत दिसतं. कॅमेरा सपाट ठेवला असता तर टॉवर ६० मीटरच्या आसपास कापला गेला असता, म्हणून तो वर करणं भागच होतं. १५ अंश कलवला असं समजू.

हा कोन झालेल्या फोटोवरूनही काढता येतो. ओव्हलवर क्रिकेट खेळणारी माणसं फोटोत असतीलच. मैदान सपाट आहे आणि कॅमेरा तुमच्या डोळ्यांशी होता, तर जवळची-लांबची सगळी उभी मोठी माणसं पाहा: त्यांची डोकी जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतात. ती रेषा म्हणजे क्षितिजाची पातळी. मूळ फोटोत ती मध्यापासून किती पिक्सेल खाली आहे ते मोजा आणि पिक्सेलमधल्या फोकल लेंग्थने भागा. २४ एमएम लेन्स, ३६ एमएम लांबीचा सेन्सर आणि त्यावर ६००० पिक्सेल, म्हणजे फोकल लेंग्थ झाली ४००० पिक्सेल. रेषा १०७० पिक्सेल खाली असेल तर भागाकार ०.२६८ येतो, आणि १५ अंशांचा टॅन्जंट तेवढाच असतो.

टोकासाठी θ १५ आणि φ साधारण ३१.२ अंश. सूत्रात घातलं की आडवा ताण १.२४ पट येतो आणि उभा १.५३ पट. पायथ्यासाठी φ उणे १६ आहे, तिथे हेच आकडे ०.९६ आणि ०.९२ येतात, म्हणजे पायथा किंचित दाबला जातो.

पट सांगून नीट कल्पना येत नाही, म्हणून तेच दगडावर मोजू. दुरुस्तीनंतर टॉवरच्या दर्शनी पृष्ठभागावर सगळीकडे मीटरमागे ५० पिक्सेल दिसतात (४००० भागिले ८०). म्हणजे फाइलच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक पिक्सेल २ सेंटिमीटरचा आहे. पण सेन्सरने खरोखर टिपलं ते असं: पायथ्याशी मीटरमागे ५२ ते ५४ पिक्सेल, आणि टोकाशी आडवे ४० व उभे फक्त ३३. टोकाशी ३ सेंटिमीटरपेक्षा बारीक आडवी रेघ मुळात नोंदलीच गेलेली नाही. सॉफ्टवेअर तिथे २ सेंटिमीटरचे पिक्सेल भरून देतं, त्यात नवी माहिती येत नाही.

मग २१ मेगापिक्सेलांतले खरे किती? ते तुम्ही कुठे बघता यावर आहे. मूळ फोटो २४ मेगापिक्सेलचा. सरळ केल्यावर त्याचं समलंब चौकोनात रूपांतर होतं, खाली अरुंद आणि वर रुंद. खालची बरीचशी मोकळी जमीन कापून त्यातला जास्तीत जास्त मोठा आयत घेतला की साधारण ३७०० बाय ५७०० पिक्सेल हाती येतात, तेच तुमचे २१ मेगापिक्सेल. टोकाशी कुठल्याही दिशेने काहीच ताणलेलं नको असेल तर ही फाइल १.५३ पट लहान करावी लागेल. मग सुमारे २४०० बाय ३७०० पिक्सेल, म्हणजे ९ मेगापिक्सेल उरतात. फक्त आडव्या ताणाचा हिशेब केला तर १४ च्या जवळपास. आणि पायथ्याशी पूर्ण २१ मेगापिक्सेल खरे आहेत. एकाच फोटोला एकच आकडा लावता येत नाही, हे या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर आहे.

यात अजून एक भर पडते. टॉवरचं टोक फ्रेममध्ये बरंच वर, मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या चार-पंचमांशावर होतं. तिथे बहुतेक वाइड लेन्स मध्यापेक्षा मऊ असतात, आणि ताणल्यावर तो मऊपणा दीडपट मोठा होऊन दिसतो. त्यामुळे अशा फोटोसाठी मी एफ/८ च्या आसपासच राहतो आणि आयएसओ कमीत कमी ठेवतो. आयएसओचं कारण असं की नॉईजचे ठिपकेही वर ताणले जातात. सरळ केलेल्या फोटोत खालच्या आकाशाचा दाणा बारीक आणि वरच्या आकाशाचा भरड, उभा लांबट दिसत असेल, तर तो याच ताणाचा परिणाम.

तुमच्या फाइलमध्ये वरचे पिक्सेल खरे किती आहेत याची चाचणी करून बघा. सरळ केलेल्या फाइलमधला टोकाचा तुकडा कापून घ्या. त्याची फक्त उंची ६५ टक्क्यांवर आणा, परत मूळ आकाराला वाढवा, आणि न छेडलेल्या तुकड्यावर ठेवून १०० टक्के झूमला दोन्ही आलटून पालटून पाहा. काहीच फरक दिसला नाही, तर लहान करताना जे गेलं ते मुळात रिकामंच होतं. मग पायथ्याच्या कमानीचा तुकडा घेऊन हेच करा. तिथे फरक लगेच दिसेल.

सॉफ्टवेअरमध्ये आणखी एका जागी नुकसान होतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. उभ्या रेषा समांतर करायचे दोन मार्ग आहेत: वरची बाजू बाहेर ओढायची किंवा खालची बाजू आत दाबायची. दोन्हींत आकार एकसारखा येतो, पण दुसऱ्या मार्गाने पायथ्याचे खरे, तीक्ष्ण पिक्सेल फेकले जातात. GIMP च्या Perspective टूलमध्ये वरचे कोपरे बाहेर ओढा आणि Clipping मध्ये Adjust निवडा, म्हणजे कॅनव्हास वाढतो. फाइलची चौकट आहे तेवढीच ठेवून त्यात फोटो बसवणारा प्रोग्राम असेल, तर पायथ्याचं काय झालं ते मोजून पाहा: दुरुस्तीआधी आणि नंतर पायथ्याच्या एकाच कमानीची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. आपल्या उदाहरणात ती ४ टक्क्यांनी कमी व्हायला हवी. वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी झाली असेल तर प्रोग्रामने सगळा फोटोच लहान केला आहे. छपाईसाठी असेल तर ते नको.

दुरुस्तीच्या क्रमाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. लेन्सचं डिस्टॉर्शन आधी काढा, म्हणजे लेन्स प्रोफाइल चालू करा, कारण फुगीर वाकलेली रेष कुठल्याही कोनाने सरळ होत नाही. आणि शक्यतो हे सगळं एकाच रॉ कन्व्हर्टरमध्ये करा. एका प्रोग्राममध्ये डिस्टॉर्शन, दुसऱ्यात फिरवणं, तिसऱ्यात रेषा सरळ करणं असं केलं, तर प्रत्येक वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि प्रत्येक वेळी थोडी धार जाते. नॉईज कमी करणं दुरुस्तीच्या आधी, शार्पनिंग सगळ्यात शेवटी. आधी शार्प केलं तर कडांभोवतीची पांढरी किनारही वर ताणली जाते आणि टोकाशी ती ठळक दिसते.

रेषा कुठल्या पकडायच्या, याकडे राजाबाई टॉवरच्या बाबतीत विशेष लक्ष द्या. हा टॉवर खाली चौकोनी आहे, वर अष्टकोनी होतो आणि पुढे निमुळता होत जातो. Lightroom मध्ये Guided Upright वापरताना किंवा darktable च्या rotate and perspective मध्ये रेषा निवडताना वरच्या भागाची कड धरली, तर मुळातच आत झुकणारी रेष सॉफ्टवेअर उभी करून टाकेल आणि टॉवर वर फुगेल. आपोआप रेषा शोधणारी बटणंही इथे फसतात. मार्गदर्शक रेषा खालच्या चौकोनी भागाच्या कोपऱ्यांवर आणि शेजारच्या ग्रंथालयाच्या इमारतीच्या कोपऱ्यांवर ठेवा, आणि त्या जितक्या लांब व एकमेकींपासून जितक्या दूर असतील तितकं चांगलं. उतरत्या भिंतीच्या प्रत्येक वास्तूला हे लागू आहे. किल्ल्याचा बुरूज मुळातच खाली रुंद असतो आणि देवळाचं शिखर वर निमुळतं होतं. त्यांच्या कडा उभ्या करणं म्हणजे वास्तू बदलणं.

रेषा समांतर झाल्या म्हणजे काम संपलं असं नाही. रुंदी आणि उंची यांचं प्रमाण अजून चुकलेलं असू शकतं. रेषा समांतर करायला फोकल लेंग्थ माहीत असावी लागत नाही, खरं प्रमाण मिळवायला ती लागते. darktable मध्ये lens model हे specific वर ठेवून फोकल लेंग्थ आणि क्रॉप फॅक्टर देता येतात. नुसत्या Vertical स्लायडरवर काम केलं असेल तर प्रमाण तपासून घ्याच. सुदैवाने या टॉवरवर तपासायची सोय आहे: घड्याळाची गोल तबकडी. तुम्ही समोरून फोटो काढला असेल तर दुरुस्तीनंतर मैदानाकडे तोंड असलेली तबकडी वर्तुळच दिसली पाहिजे. तिची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये मोजा. रुंदी ११० आणि उंची १०० भरली, तर इमारत १० टक्के बसकी झाली आहे, Aspect स्लायडरने ती उंच करा. प्रमाणातली ही चूक सगळ्या फोटोभर एकसारखी असते, त्यामुळे एका तबकडीवर बसवलेला स्लायडर पायथ्यापासून टोकापर्यंत लागू पडतो. मात्र तुम्ही बाजूला सरकून फोटो काढला असेल तर वर्तुळ तिरकं दिसणारच, तेव्हा ही कसोटी वापरू नका. आणि हे लक्षात ठेवा की उंच केलं की उभ्या दिशेचा ताणही तेवढाच वाढतो. वर दिलेले आकडे प्रमाण बरोबर असताना येणारे आहेत.

पुष्कळ जण म्हणतात की सॉफ्टवेअरने तपशील जातोच, त्यापेक्षा अजून वाइड लेन्स घ्यावी, कॅमेरा सपाट ठेवावा आणि खालची जमीन कापून टाकावी. हा सल्ला हिशेबावर टिकत नाही. त्याच जागेवरून १६ एमएम लेन्स सपाट धरली तर ९१ मीटरपर्यंतची उंची फ्रेममध्ये बसते, म्हणजे टॉवर मावतो आणि दुरुस्तीची गरज राहत नाही. पण मीटरमागे पिक्सेल मिळतात फक्त ३३, आणि तेही पायथ्यापासून टोकापर्यंत सगळीकडे. तुमच्या कलवलेल्या २४ एमएम फोटोत सगळ्यात वाईट जागी, टोकाशी, उभ्या दिशेने ३३ आहेत आणि आडव्या दिशेने ४०. बाकी सगळीकडे त्याहून जास्त. म्हणजे कलवून नंतर सरळ केलेला फोटो टोकाशी बरोबरी करतो आणि उरलेल्या टॉवरवर जिंकतो. सपाट वाइड लेन्सचा खरा फायदा दुसराच आहे: व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं तेच मिळतं, दुरुस्तीनंतर काय कापलं जाईल याची चिंता राहत नाही.

जवळ जाऊन तपशील वाढेल असं वाटतं, तेही टोकाच्या बाबतीत खरं नाही. अंतर जवळजवळ अर्धं केलं, म्हणजे ४२ मीटरवर आलात, तर टोक ६३ अंशांवर जातं आणि कॅमेरा ३० अंश कलवावा लागतो. टोकाशी उभा ताण ३.५ पट होतो. पायथ्याशी मीटरमागे पिक्सेल भरपूर मिळतात, टोकाशी मात्र उभ्या दिशेने जेमतेम २७. जवळजवळ दुप्पट जवळ जाऊन टोकाचा तपशील कमी झाला. म्हणून इमारतीच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवावं, म्हणजे टोक ४५ अंशांच्या आसपास राहतं, असं मी धरून चालतो. त्याहून वरच्या कोनात ताण फार वेगाने वाढतो.

उलट मागे गेलात आणि लांब लेन्स लावली, तर चित्र सुधारतं. १५० मीटरवरून ३५ एमएम लेन्स घेतली तर फक्त ५ अंश कल पुरतो. टोकाशी ताण आडवा १.०४ आणि उभा १.०९ इतकाच येतो, आणि खरे पिक्सेल मीटरमागे ३६-३७ मिळतात. उभ्या दिशेने हे ८० मीटरवरच्या तुमच्या टोकापेक्षा थोडं जास्त आहे, आडव्या दिशेने थोडं कमी. पायथ्याचा तपशील मात्र ५२ वरून ३९ वर येतो, आणि मैदानाच्या कडेची झाडं टॉवरचा खालचा भाग जास्त झाकतात. टोकाची नक्षी महत्त्वाची की प्रवेशाकडची, हे ठरवून जागा निवडा.

जागा तीच असेल तर कल किती द्यायचा, याचाही परिणाम होतो. गरजेपेक्षा जास्त वर करू नका. ८० मीटरवरून १२ अंश कलवलं तर टोकाचा उभा ताण १.४३, १५ अंशांना १.५३, आणि २० अंशांना १.६८. टोक फ्रेमच्या वरच्या कडेजवळ ठेवा, पण अगदी चिकटवू नका, नाहीतर दुरुस्तीनंतर वर आकाश उरत नाही.

शिफ्ट लेन्स हा या प्रश्नाचा जुना आणि खरा उपाय. कॅमेरा सपाट ठेवायचा आणि लेन्स सेन्सरच्या समांतर वर सरकवायची. २४ एमएमची १२ एमएम शिफ्ट देणारी लेन्स पूर्ण वर सरकवली तर ८० मीटरवरून जवळजवळ १०० मीटर उंचीपर्यंत दिसतं, आणि टॉवरवर सगळीकडे मीटरमागे खरे ५० पिक्सेल मिळतात. म्हणजे तुमच्या दुरुस्त फाइलची चौकट आणि शिफ्ट लेन्सचा फोटो यांत दिसायला फारसा फरक नसतो. टोकाशी उभ्या दिशेचे ३३ विरुद्ध ५०, हाच काय तो फरक. शिफ्ट पूर्ण वापरली की लेन्सच्या प्रतिमावर्तुळाची कड वापरली जाते, तिथे धार आणि उजेड दोन्ही थोडे कमी होतात, म्हणून प्रत्यक्षातला फरक आकड्यांपेक्षा थोडा लहान असतो.

शिफ्ट लेन्स नसेल आणि टोकाशी तेवढाच तपशील हवा असेल, तर एकावर एक तीन फोटो काढून जोडा. ८० मीटरवरून साधी ५० एमएम लेन्स घ्या, कॅमेरा आडवा धरा आणि तीन कोनांत फोटो घ्या: जवळजवळ सपाट म्हणजे ४ अंश वर, मग २२ अंश, मग ४० अंश. प्रत्येक फोटोत उभ्या दिशेने २७ अंश मावतात, त्यामुळे शेजारच्या दोन फोटोंमध्ये एक-तृतीयांश भाग सामाईक येतो, जोडणीला तो पुरतो. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर ठेवा. Hugin मध्ये हे जोडून प्रोजेक्शन Rectilinear ठेवा आणि सरळ कोपऱ्यांवर उभ्या रेषांचे कंट्रोल पॉइंट द्या, म्हणजे जोडणं आणि सरळ करणं एकाच वेळी होतं. इथे टोकाचा उभा ताण २ पटीच्या वर जातो, पण लेन्स लांब असल्यामुळे मुळात पिक्सेल एवढे जास्त असतात की ताण धरूनही टोकाशी उभ्या दिशेने मीटरमागे खरे ५० आणि आडव्या दिशेने ७२ उरतात. शिफ्ट लेन्सची बरोबरी झाली, आणि टोक आता फ्रेमच्या मध्याजवळ आल्यामुळे लेन्सचा कडेचा मऊपणाही लागत नाही. पूर्ण फाइल मीटरमागे १०४ पिक्सेलांनी तयार होते, ती नंतर अर्धी केली तरी टोकाचा उभा तपशील टिकतो, पायथ्याचा जास्तीचा तपशील मात्र जातो. ८० मीटरवरच्या विषयाला ट्रायपॉडही लागत नाही, फक्त जागेवरून हलू नका. मैदानातली हलणारी माणसं सगळ्यात खालच्या फोटोतच राहतील असं बघा.

कुठल्याही पद्धतीने न बदलणारी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगितलेली बरी. दुरुस्तीने तुमचा डोळा वर जात नाही. खालून दिसणारी छज्जांची खालची बाजू खालूनच दिसणार, आणि दर्शनी भागाच्या मागे असलेला वरचा भाग तेवढा झाकलेलाच राहणार. गोल कळस किंवा पुतळ्याचं डोकं ४६ अंशांवर असेल तर ते उंचीत सुमारे १.४ पट लांबट दिसतं. शिफ्ट लेन्सनेही ते तसंच येतं, कारण सपाट सेन्सरवरच्या चित्राचा तो गुणधर्म आहे. टॉवरचं टोक लांब, सुईसारखं वाटत असेल तर Aspect ने ते दाबू नका. त्याने घड्याळाचं वर्तुळ बिघडेल. मी नोंदीसाठी काढलेल्या फोटोत रेषा पूर्ण समांतर ठेवतो. भिंतीवर लावायच्या फोटोत दुरुस्ती दहा टक्के कमी करतो. एवढी उंच वास्तू इतक्या जवळून बघताना डोळ्याला थोडा निमुळतेपणा अपेक्षित असतो, तो अजिबात नसला की टॉवर वर रुंद होत गेल्याचा भास होतो. दहा टक्के कमी केल्याने टोकाचा ताणही थोडा उतरतो.

आता ए२. त्याची लांब बाजू ५९.४ सेंटिमीटर. तुमचे ५७०० पिक्सेल त्यावर पसरले की इंचाला २४४ येतात. पण टॉवरच्या टोकाशी खरे पिक्सेल उभ्या दिशेने इंचाला १६० च्या आसपास आणि आडव्या दिशेने १९७. चांगला डोळा एक मीटरवरून इंचाला नव्वदेक पिक्सेलांपर्यंतच वेगळं करू शकतो, तेव्हा भिंतीवर लावून मीटरभरावरून बघायला हा फोटो व्यवस्थित चालेल. कोणी एक फुटावर येऊन टोकाची नक्षी वाचू लागला तर त्याला पायथ्याची नक्षी जास्त स्पष्ट दिसेल. ए३ ला टोकाशीही इंचाला २२५ खरे पिक्सेल आहेत, तिथे हातात धरून बघितलं तरी खटकणार नाही. आणि फोनवर पाठवायला लांब बाजू २०४८ पिक्सेलांची केली तर दुरुस्तीचं नुकसान शून्य. फाइल मुळातच इतकी लहान होते की टोकाशीही ताण उरत नाही.

ए२ ची प्रत जवळून बघितली जाणार असेल, तर ही फाइल शार्प करत बसण्यापेक्षा परत ओव्हलवर जाऊन ५० एमएमचे तीन फोटो घ्या. दुपारनंतर जा. मैदान टॉवरच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे तेव्हा मैदानाकडच्या बाजूवर ऊन असतं आणि नक्षीच्या सावल्या स्पष्ट पडतात.